पावसाळ्याचा मेनू बदललात, आता पोस्ट लिहा

मंडळी, पावसाळी मेनूची पोस्ट आपण सगळे एकाच साच्यात लिहितो, म्हणजे चमचमीत, लाजवाब, बोटं चाटत राहाल वगैरे, आणि मग गिऱ्हाईक फोन करून विचारतं काय, तर सुरमई आहे का. म्हणून माझं म्हणणं, पहिली ओळ काय नाही याची लिहा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे गिऱ्हाइकालाही माहीत असतं, तेव्हा सरळ लिहायचं, "सुरमई-पापलेट थाळी ऑगस्टपर्यंत बंद." फ्रीझरमधली देणार असाल तर "बर्फातली" असं लिहा, ती चालणारे लोक आहेत की, पण ताजी म्हणू नका, कारण तुकडा कोरडा पडलेला असतो आणि खाणाऱ्याला पहिल्याच घासाला कळतं.

आता मासे नाहीत तर सुकी मासळी आली. समजा सुक्या बोंबलाचा रस्सा आहे. "अस्सल कोकणी चवीचा झणझणीत रस्सा" यातून कोणाला काय कळलं? त्यापेक्षा तुम्ही किचनमध्ये जे करता तेच सांगा ना: "बोंबलाचे तुकडे तव्यावर भाजून, गरम पाण्यात धुऊन, कांदा-बटाट्याबरोबर शिजवतो. आंबटपणा कोकमाचा, नारळ नाही, रस्सा पातळ आणि तिखट. सोबत तांदळाची भाकरी." बास. हे वाचून ज्याला भूक लागायची त्याला लागतेच. आणि खाली एक ओळ, "सुक्या मासळीचा वास येतो, चालत नसेल तर आज डाळ-भात आणि टाकळा आहे." ही ओळ टाकायला लोक घाबरतात, पण नाहीतर तोच माणूस जेवायला बसतो, नाक मुरडतो आणि ताट तसंच ठेवून जातो.

रानभाज्यांचं जरा वेगळं आहे. टाकळ्याचा कोवळा पाला असतो तोवरच भाजी बरी लागते, निबर झाला की चरचरीत लागतो, त्यामुळे महिनाभराचा वायदा करू नका. "टाकळा, चणाडाळ आणि ओलं खोबरं घालून, चव किंचित कडवट" इतकं पुरे. शेवळं तर पहिल्या पावसाच्या आसपास थोडेच दिवस मिळतात, तिथे "बाजारात मिळाली तर" हे लिहायलाच हवं. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडाची फळं किंवा चिंच पडते, तेही लिहा, नवीन माणसाची भीती जाते. आणि हो, रानभाजी म्हटली की "प्रतिकारशक्ती वाढते", "शुगर कमी होते" असलं चिकटवायचा मोह होतो. नको. असे दावे सिद्ध करायची जबाबदारी करणाऱ्यावर असते आणि तुम्ही तर भाजी विकताय.

भाव आणि वाटी किती मोठी तेही त्याच पोस्टमध्ये, इनबॉक्समध्ये नाही. आणि दुपारी दीडला टाकळा संपला, तर जी सकाळी टाकलीत तीच पोस्ट उघडून "टाकळा संपला" लिहा, लोक लांबून गाडी काढून येतात.