मुद्रा कोणाची, अभंग कोणाचा

मराठी संत कवयित्रींच्या निवडक रचनांचा संग्रह करायला घेतला, की पहिली अडचण निवडीची नसून शोधण्याची असते. बहुतेक कवयित्रींच्या नावाची स्वतंत्र पोथी नाही. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेत छापले गेले, आणि सोयराबाई व निर्मळा यांचे अभंग चोखोबांच्या परिवाराच्या रचनांमध्ये मिळतात. म्हणून संपादकाला आधी दुसऱ्याच्या नावाच्या गाथेतून या बायकांचे अभंग वेगळे काढावे लागतात.

वेगळे काढण्याचे मुख्य साधन म्हणजे शेवटच्या चरणातली नाममुद्रा. हा अभंग अनेकांच्या कानात आहे : ‘अवघा रंग एक झाला, रंगीं रंगला श्रीरंग.’ गायनातून तो घरोघर पोहोचला. पण तो कोणाचा, असे विचारले तर अनेक जण चोखोबांचे नाव घेतील. शेवटचा चरण मात्र स्पष्ट आहे : ‘पाहतें पाहणें गेलें दूरी, म्हणे चोखियाची महारी.’ येथे चोखोबांचे नाव आहे, पण बोलणारी त्यांची पत्नी सोयराबाई आहे. घाईने नुसते ‘चोखा’ शोधणाऱ्याच्या हातून हा अभंग नेमका चुकीच्या कप्प्यात जातो.

अशा वेळी विषयावरून निर्णय करता येत नाही. सोयराबाई विचारतात, ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?’ सोवळ्या-ओवळ्याचा हाच प्रश्न चोखोबाही विचारतात, तेही तितक्याच धारदारपणे. एकाच घरातल्या, एकाच वेठीखाली जगलेल्या माणसांचे विषय एक असणारच. त्यामुळे संपादकाने मुद्रेवर विसंबावे, आणि ती जशी आहे तशीच छापावी. आजच्या वाचकाला ‘महारी’ हा उल्लेख खटकेल म्हणून तो गाळणे किंवा बदलणे म्हणजे कवयित्रीची सहीच पुसणे होय. खुलासा करायचा तर तो तळटीपेत करावा.

हे अभंग मुळात कोणी लिहून घेतले, याचा एक दुवा जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात मिळतो. त्यात कोणत्या संताची रचना कोणी लिहिली याची यादीच दिलेली आहे. ‘मुक्ताईचीं वचनें ज्ञानदेवें’ लिहिली, चोखोबांचा लेखक अनंतभट्ट होता, आणि जनीचा लेखक प्रत्यक्ष पांडुरंग. सोयराबाई आणि निर्मळा यांचे नाव या यादीत नाही. त्यांचे शब्द टिकले, पण ते कोणी टिकवले हे या यादीवरून कळत नाही. सोयराबाईंच्या परिचयात हा तपशील आवर्जून यायला हवा.

परिचय लिहिताना खरी कसोटी लागते. सोयराबाईंचे जन्मसाल सांगता येत नाही. चोखोबांचे निधन मंगळवेढ्यात 1338 साली झाले असे मानतात, तेवढ्यावरून त्यांचा काळ चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे नेता येतो. परिचयात तेवढेच लिहावे. जनाबाईंच्या बाबतीत मोह वेगळा असतो, कारण विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसल्याच्या कथा सर्वांना पाठ आहेत. त्या कथा चरित्र म्हणून सांगू नयेत आणि टाकूनही देऊ नयेत. ‘जनी जाय पाणियासी, मागें धावे हृषीकेशी’ असे अभंगातच आहे, म्हणून ही प्रतिमा काव्यातली आहे असे म्हणून तिची नोंद करावी. गंगाखेडचे माहेर, पंढरपुरात नामदेवांच्या घरचे दास्य आणि दळण-कांडणाचा दिनक्रम एवढ्या आधारावर एक पान सहज भरते.

सतराव्या शतकातल्या शिऊरच्या बहिणाबाईंपाशी आल्यावर संपादकाला हायसे वाटते. त्यांनी आपली हकिकत अभंगांतूनच सांगितली आहे : कोल्हापुरातला मुक्काम, लळा लागलेले वासरू, जयरामस्वामींचे कीर्तन, नवऱ्याचा संताप, आणि तुकोबांनी स्वप्नात येऊन केलेला उपदेश. येथे परिचयकर्त्याने आपले शब्द आवरून त्यांच्याच ओळी पुढे कराव्यात. मात्र ‘अरे संसार संसार’ रचणाऱ्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी या विसाव्या शतकातल्या निराळ्या कवयित्री आहेत, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करावे, कारण दोघींच्या ओळी एकमेकींच्या नावावर सर्रास फिरत असतात.

काही रचना मात्र कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाहीत. ‘जनी’ ही मुद्रा पुढच्या काळात इतरांनीही वापरली असण्याची शक्यता आहे. एखाद्या अभंगाची भाषा बाकीच्या अभंगांपेक्षा फारच अलीकडची वाटली, किंवा त्यात जनाबाईंनंतरच्या काळातील उल्लेख आढळला, तर तो मुख्य भागात घालू नये. असे अभंग ‘नावावर असलेल्या रचना’ या मथळ्याखाली शेवटी ठेवावेत आणि शंकेचे कारण प्रत्येकाखाली एका ओळीत द्यावे.