गॅपसाठी एक वाक्य

नमस्कार श्रोतेहो.

नोकरभरतीच्या कामामुळे मला रोज उमेदवारांचे स्वतःची ओळख करून देणारे बरेच संदेश वाचावे लागतात. 'तुमच्याकडे अमुक जागा आहे, मला रस आहे' अशा धर्तीचे चार-सहा ओळींचे संदेश. त्यातले काही अशा लोकांचे असतात, ज्यांची नोकरी मध्ये चार, पाच, सात वर्षं सुटलेली असते. या संदेशात त्या गॅपबद्दल किती आणि कुठे लिहायचं, एवढ्याच गोष्टीवर आज बोलणार आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या एका बाई आहेत. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी आठ वर्षं अकाउंट्स सांभाळले. २०१९ च्या सुरुवातीला सासूबाईंना पक्षाघात झाला, मुलगा लहान होता, आणि त्यांनी नोकरी सोडली. आता सातपूरच्या एका कंपनीत सीनियर अकाउंटंटची जागा निघाली आहे. त्यांचा पहिला संदेश बहुतेक असा असतो: 'मॅडम, मला सहा वर्षांचा गॅप आहे, त्याबद्दल क्षमस्व. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, घरात दुसरं कोणी नव्हतं, मिस्टरांची फिरतीची नोकरी, त्यामुळे नाइलाज झाला. पण मी खूप मेहनती आहे, कृपया एक संधी द्या.'

यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण वाचणाऱ्याला अकाउंट्सबद्दल काय कळलं? काहीच नाही. आठ वर्षांचा अनुभव संदेशात आलाच नाही. माझ्यासमोर त्या वेळी एक जागा भरायची असते आणि मनात दोनच प्रश्न असतात. या व्यक्तीला हे काम आज येतं का, आणि ती कधी रुजू होऊ शकेल? घरच्या परिस्थितीबद्दल वाईट वाटतं, अगदी मनापासून वाटतं, पण त्याने या दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत.

दुसरं टोक म्हणजे गॅपचा उल्लेखच टाळणं. बायोडेटा सोबत जोडलेला असतो, त्यात २०१९ नंतर काही नाही हे लगेच दिसतं, आणि मग वाचणारा स्वतःच अंदाज बांधतो. काही जण तारखा ओढूनताणून जुळवतात किंवा ओळखीच्या फर्मचं खोटं अनुभवपत्र आणतात. हे कृपा करून करू नका. पीएफच्या पासबुकात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले ते लिहिलेलं असतं, आणि नेमणुकीआधी पडताळणी करणारे बऱ्याचदा तेच मागतात. हातात आलेली नोकरी त्या टप्प्यावर गेलेली मी पाहिली आहे.

मग लिहायचं कसं? गॅपला एक वाक्य द्यायचं. त्यात तीन गोष्टी हव्यात: कधीपासून कधीपर्यंत, कारण दोन-तीन शब्दांत, आणि ते कारण आता उरलेलं नाही. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यांत महत्त्वाची. 'घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडली' एवढंच वाचलं, की पुढचा विचार येतो तो हाच, की आजारपण अजून चालू असेल तर पुन्हा सोडावी लागेल का? 'ती जबाबदारी आता संपली आहे' एवढं म्हणावं. सासूबाई बऱ्या झाल्या की गेल्या, हे अनोळखी माणसाला सांगायची गरज नाही. आजारी तुम्ही स्वतः असाल, तरी आजाराचं नाव लिहू नका. 'प्रकृतीच्या कारणाने, आता पूर्ण वेळ काम करू शकतो' हे पुरे. माफी तर मुळीच मागू नका. माणसाची सेवा केली, त्यात क्षमा कसली?

हे वाक्य पहिलं नको आणि शेवटचंही नको. आधी अनुभव, मग गॅप, आणि त्याला लागूनच आज काय करता ते. गॅपच्या वाक्यानंतर वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, की मधल्या काळात बदललेलं काम यांना येतं का. तिचं उत्तर लगेच पुढच्या वाक्यात मिळालं पाहिजे.

आणि ही शंका रास्त असते. आपल्या अकाउंट्सवाल्या बाईंचंच बघा. त्या बाहेर पडल्या तेव्हा हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी ९ होतं, आता टॅलीप्राइम आहे. २०२० मध्ये जीएसटीआर-२बी आलं, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांचं दर महिन्याचं विवरण. दर महिन्याच्या १४ तारखेच्या सुमाराला ते तयार होतं, आणि २०२२ पासून पुरवठादाराचं बिल त्यात दिसत नसेल तर त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही. म्हणजे खरेदीची नोंदवही आणि २बी यांचा मेळ घालणं हे दर महिन्याचं मोठं काम होऊन बसलं आहे. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइसही करावं लागतं, म्हणजे ते बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. 'मी सगळं पटकन शिकेन' असं लिहिण्यापेक्षा यातली एखादी गोष्ट खरोखर करून तिचं नाव लिहिलेलं कितीतरी चांगलं. ओळखीच्या सीएंकडे रोज दोन-तीन तास काम केलं, तरी लिहायला काहीतरी खरं मिळतं.

आता तोच संदेश नव्याने वाचते. प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजीत जाईल, पण क्रम हाच ठेवा.

'नमस्कार. सातपूरच्या सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी लिहिते आहे. अंबडच्या कारखान्यात आठ वर्षं अकाउंट्स पाहिले. खरेदी, स्टॉक आणि जीएसटी रिटर्न माझ्याकडे होते. २०१९ ते २०२५ घरच्या आजारपणामुळे नोकरीत नव्हते. ती जबाबदारी आता संपली आहे. सध्या एका सीएंकडे अर्धवेळ काम करते. टॅलीप्राइमवरच्या नोंदी आणि २बीचा मेळ मीच घालते. लगेच रुजू होऊ शकते. बायोडेटा जोडला आहे.'

यातलं 'लगेच रुजू होऊ शकते' हे वाक्य लहान असलं तरी वजनदार आहे. नोकरीत असलेल्या उमेदवाराला दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, आणि जागा तोवर रिकामी राहते. तुम्हाला तो नाही. गॅपमुळे आलेली ही एक उघड सोय आहे, ती सांगायलाच हवी.

लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक नोंदवायची वेगळी सोय आहे. ती भरणार असाल तर तिथल्या तारखा, बायोडेट्यातल्या तारखा आणि संदेशातली वर्षं एकच ठेवा. या तीन ठिकाणी वर्षं वेगवेगळी दिसली, की खरं बोलणाऱ्याबद्दलही शंका येते.

संदेश जमला की नाही हे उलट आलेल्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. 'आता घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं, तर तुम्ही जास्त लिहिलंत. '२०१९ नंतर काय करत होतात?' असं विचारलं, तर कमी लिहिलंत. 'ई-इन्व्हॉइस केलं आहे का, कधी भेटू शकाल?' असा फोन आला, तर बरोबर लिहिलंत. त्या फोनवर गॅपचा विषय निघेलच, तेव्हा हेच वाक्य तोंडी सांगा, आणि त्यांनी आणखी विचारलं तरच पुढे बोला. आठवडाभर उत्तर आलं नाही, तर दोन ओळींची आठवण जरूर पाठवा. तिच्यात जागेचं नाव आणि लगेच रुजू होण्याची तयारी असू द्या, गॅपचा उल्लेख पुन्हा नको.

नमस्कार.