शेवटचं वाक्य कोणत्या भाषेतलं?

(म्हापशात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

एक संभाषण सांगतो. नळाच्या बिलांसंबंधीच्या चौकशीसाठी आम्ही एक बॉट बसवत होतो. तपासणीच्या काळात एका बाईंनी लिहिलं, ‘पाण्याचं बिल दोनदा आलंय, काय करू?’ बॉटनं मराठीत ग्राहक क्रमांक मागितला. बाईंनी फक्त आकडे टाइप केले, आणि पुढचं उत्तर आलं ते इंग्रजीत. त्यांनी काहीच लिहिलं नाही. पाच मिनिटांनी गप्प संभाषण बंद झालं.

चूक कुठे होती? प्रत्येक मेसेज आधी भाषा ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडे जायचा आणि त्यानं सांगितलेल्या भाषेत उत्तर तयार व्हायचं. आकड्यांना कुठली भाषा? काही कळलं नाही की तो इंग्रजी धरायचा. ‘ओके’, गावाचं नाव, फोटो, अंगठ्याचं चिन्ह यांचंही तेच होत होतं. म्हणून नियम बदलला: ज्या मेसेजात भाषेचा पुरावाच नाही, तो भाषा ठरवत नाही, आधीची भाषा तशीच चालू राहते. हे एवढंच केल्यावर अशा चुका बऱ्याच कमी झाल्या.

मग पुरावा म्हणजे काय? ‘माझं अकाउंट अपडेट करायचंय, पेमेंट फेल झालंय’ हे वाक्य बघा. शब्द मोजले तर इंग्रजीचं पारडं जड दिसतं. पण ‘माझं’, ‘करायचंय’, ‘झालंय’ यांवर वाक्य उभं आहे, म्हणून ते मराठीच. नामं उसनी येतात. क्रियापदं, सर्वनामं आणि प्रत्यय सहसा घरचेच असतात. ग्राहकानं चिकटवलेला इंग्रजी एसएमएस हाही पुरावा नव्हे. त्याखाली त्यानं स्वतः ‘हे काय आहे?’ लिहिलं असेल, तर मोजायचं ते तेवढंच.

गोव्यात खरी कसोटी मराठी आणि कोंकणीची लागते. दोन्ही देवनागरीत, त्यामुळे लिपीवरून काही कळत नाही. ‘बिल किती?’ मराठी, ‘बिल कितलें?’ कोंकणी, फरक एका शब्दाचा. त्या बाईंचंच संभाषण पुढे नेऊन आम्ही चाचणी रचली: पुढचा मेसेज त्यांच्या मुलाचा, ‘ही पावती खंय दाखोवची?’ पहिले दोन शब्द मराठीतही तसेच आहेत. ‘खंय’ मालवणीतही सापडतो. निर्णय होतो तो ‘दाखोवची’वर. इथं भाषा बदलली आहे, तेव्हा उत्तर कोंकणीतच हवं, आणि ग्राहक क्रमांक पुन्हा विचारायचा नाही. भाषा बदलली म्हणून आधी सांगितलेली माहिती पुसली जाता कामा नये.

इथं एक सांभाळायला हवं. आपल्याकडे घरी कोंकणी बोलून लिहायला मराठीच घेणारी माणसं खूप आहेत. आडनावावरून, गावावरून किंवा फोनच्या भाषेवरून अंदाज बांधून त्यांना कोंकणीत उत्तर देणं म्हणजे त्यांनी केलेली निवड झिडकारणं आहे. जे लिहिलं तेच धरायचं. रोमीत ‘maka bill mellonk na’ आलं तर उत्तर रोमीतच जावं, देवनागरीत नको; वाचायची सवय त्या लिपीची असते. आणि कुणी स्पष्ट सांगितलं, ‘मराठीत सांगा’, तर तो शब्द सगळ्या अंदाजांच्या वर. तो माणूस स्वतः निवड बदलेपर्यंत तसाच चालवायचा.

भाषा बरोबर ओळखूनही उत्तर भलतीकडे वळतं, त्याचं कारण वेगळं. बॉट ज्या नियमपत्रकांतून माहिती शोधतो ती बहुतेक इंग्रजीत असतात. लांबलचक इंग्रजी परिच्छेद समोर आला की बॉटचं उत्तर लिहिणारं मॉडेल त्याच ओघात इंग्रजीत लिहू लागतं. आधीची दहा मराठी उत्तरंही तशीच ओढतात: माणूस कोंकणीवर आला तरी मॉडेल मराठीतच रेंगाळतं. आम्ही उत्तराच्या भाषेची सूचना मॉडेलला दिलेल्या सुरुवातीच्या लांब सूचनांतून काढली आणि अगदी शेवटी, ग्राहकाच्या ताज्या मेसेजच्या शेजारी ठेवली. शिवाय तयार उत्तराची भाषा पाठवण्याआधी तपासली, आणि चुकली असेल तर एकदा पुन्हा लिहून घेतलं.

कोंकणीसाठी मात्र ही तपासणी पुरत नाही. मॉडेलला शिकायला मिळालेला कोंकणी मजकूर थोडा, म्हणून ते दोन ओळी नीट लिहून तिसऱ्या ओळीत ‘आसा’च्या जागी ‘आहे’ टाकतं, ‘म्हाका’चं ‘मला’ होतं. तपासणारा प्रोग्रॅमही याच दोन भाषांत गोंधळतो, म्हणून तो हे पास करतो. तिथं कोंकणी वाचणारं माणूसच बसवावं लागतं, आणि त्यानं एकेक वाक्य नव्हे, अख्खी संभाषणं वाचायची: तिसऱ्या मेसेजला भाषा बदललेली, मध्ये आकडे, मध्ये चिकटवलेला एसएमएस. आमच्या चुका सापडल्या त्या भाषा बदलल्यानंतरच्या दुसऱ्या उत्तरात. पहिलं बहुधा बरोबर यायचं.