खांबावरच्या रेघा

श्रोतेहो, नमस्कार.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी चाकरमानी मुंबईला परततात आणि पडवीत एकटा म्हातारा उरतो. दुखवट्याला जायचं तर तेव्हा जा. पुन्हा सांगतो, तेराव्यानंतर जा.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या काकू गेल्या. 54 वर्षांचा संसार. मी भेटायला गेलो आणि सगळे म्हणतात तेच बोललो, "अहेव गेल्या, भाग्याच्या." आप्पा गप्प. हे वाक्य नवऱ्यासमोर बोलू नये, असं मला तेव्हापासून वाटतं. त्याचं मागे राहणं हेच आपण तिचं भाग्य म्हणत असतो.

मग माझी नजर पडवीच्या खांबावर गेली. कोळशानं ओढलेल्या तीन रेघा होत्या. "आप्पा, ह्या कसल्या?"

"सोलांची पुटं."

रातांब्याची सालं काकू मीठ घातलेल्या रसात रात्रभर मुरवायच्या, सकाळी खळ्यात वाळत घालायच्या. पुन्हा रस, पुन्हा ऊन. त्यांच्याकडे पाच पुटं. विकतची सोलं मला चालत नाहीत, नुसतं मीठ लागतं. काकूंची काळीभोर, मऊ असायची. दर पुटाला आप्पा एक रेघ ओढायचे.

"काकू विसरायच्या म्हणून?"

"छे, तिला पाठ असायचं. तरी विचारायची, किती झाली हो? दरवर्षी विचारायची."

तीन पुटांवर काकू गेल्या. सोलं सुपात तशीच होती, सर्द झालेली. मिरग आठ दिवसांवर आलेला. एकदा पाऊस लागला की बुरा धरणार. बरणीतला रस मी हुंगून पाहिला, चांगला होता. म्हटलं, "आप्पा, उरलेली पुटं देऊ या?"

ते उठले. पंधरा दिवसांत प्रथमच आपणहून उठले, असं सून म्हणाली. रसात आणखी थोडं मीठ हवं होतं. किती, ते सुनेला ठाऊक नव्हतं, आप्पांना होतं. "तिच्या मुठीनं दोन. माझ्या मुठीनं दीड." मूठ उघडून त्यांनी मीठ पाहिलं, चिमूटभर परत टाकलं, मग रसात सोडलं.

श्रोतेहो, त्या दुपारी मी सांत्वनाचा एक शब्दही बोललो नाही. ते बोलत होते. पेज दहाला हवी असायची, झोपाळ्याची डावी बाजू तिची, दिवेलागणीला ती आधी तुळशीकडे जायची. मी फक्त विचारत होतो. विचारा, श्रोतेहो. ती काय करायची, कसं करायची, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. सोलं खळ्यात पसरली. आप्पांनी चुलीतला कोळसा आणला, चौथी रेघ ओढली आणि माजघराकडे तोंड करून म्हणाले, "चार झाली गो."

सून दारातच थांबली. मी सूप उचलून उन्हात सरकवलं.