शेवटच्या खांबापाशी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावच्या देवळात रामनवमीच्या उत्सवात रोज रात्री नऊला कीर्तन असायचं. बुवा वेळेवर उभे राहायचे, आजी मात्र कधीच वेळेवर यायची नाही. जेवणं, झाकपाक, भांडी असं सगळं उरकून ती पावणेदहाला यायची, ओले हात पदराला पुसत. शेवटच्या लाकडी खांबाला पाठ टेकून बसायची आणि माझ्या कानाशी वाकून विचारायची, "कुठला घेतलाय रे?" बुवांनी निरूपणाला अभंग कुठला घेतलाय, असं तिला म्हणायचं असायचं. मी आठ वर्षांचा. कथेत रमलेला. मी म्हणायचो, "श्शू! ऐक की गं."

उत्तर न मिळताही ती घरी जाताना तोच अभंग गुणगुणत असायची. याचं कारण मला फार उशिरा कळलं, रेडिओसाठी भाषणं लिहायला लागल्यावर. आज त्याबद्दलच बोलायचं आहे: भाषणाच्या सुरुवातीला आपण जे चित्र दाखवतो, शेवटी त्याच चित्रापाशी कसं परत यायचं.

नारदीय कीर्तनात ही सोय आधीच करून ठेवलेली असते. नमन झालं की बुवा मूळ अभंग म्हणतात आणि पूर्वरंगात त्याचं निरूपण करतात. मध्ये नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लागतो. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. गोष्ट संपली की बुवा वळून पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतात. नंतर 'हेचि दान देगा देवा' आणि आरती.

एका रात्रीचं सांगतो. अभंग तुकोबांचा होता, 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले'. पूर्वरंगात बुवांनी रंजले-गांजले म्हणजे कोण ते सांगितलं: भुकेलेला, आजारी, ज्याचं कोणी नाही असा माणूस. आम्ही माना डोलावल्या. उत्तररंगाला एकनाथ महाराज आले. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, ती रामेश्वराला घालायची. वाटेत तापलेली वाळू, आणि त्या वाळूत तहानेनं तडफडणारं एक गाढव. नाथांनी कावड उतरवली आणि गंगा त्याच्या तोंडात ओतली. मंडपात कोणी हललं नाही. बुवांनी पेटीवाल्याकडे नुसतं पाहिलं आणि तोच अभंग पुन्हा सुरू केला. 'त्यासि म्हणे जो आपुले.'

शब्द एकही बदलला नव्हता. पण नऊ वाजता 'आपुले' या शब्दात फक्त माणसं होती, साडेदहाला त्यात एक गाढव येऊन उभं राहिलं होतं. आणि बुवांनी ते सांगितलं नाही. "आता पाहा, अभंगाचा अर्थ कसा विस्तारला" असं ते म्हणाले असते, तर अर्धा मंडप चपला शोधायला लागला असता.

परत येणं म्हणतात ते हेच. चित्र तेच असतं, मधल्या वेळात ऐकणारा बदललेला असतो. तो बदलला नसेल तर ते परत येणं नव्हे, नुसतं पुन्हा सांगणं झालं. त्यामुळे शेवट फसला की मी आधी मधला मजकूर तपासतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

आता माझाच एक फसता फसता वाचलेला शेवट सांगतो. भूजलावर दहा मिनिटांचं भाषण होतं. मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचतो, म्हणजे अकराशेच्या आसपास शब्द. सुरुवात मी एका जुन्या विहिरीच्या काठापासून केली होती. दगडी काठावर पोहऱ्याचा दोर घासून घासून खाचा पडलेल्या. मी मोजल्या होत्या, अकरा. मग विषय: आपल्या काळ्या कातळात पाणी कुठे मुरतं, वरच्या मुरमात किती, भेगांमध्ये किती, आणि बोअर खोल खोल गेल्यावर उथळ विहिरींचं काय होतं.

पहिल्या खर्ड्याचा शेवट होता, "म्हणून श्रोतेहो, पाण्याचा थेंब न् थेंब जपू या." हे वाक्य कुठल्याही भाषणाला लावता येतं. माझ्या विहिरीशी त्याचा काही संबंध नाही. खोडलं.

दुसऱ्यांदा मी परत काठाशी गेलो: "त्या अकरा खाचा आजही तिथेच आहेत. जणू आपल्याला विचारत आहेत, पाणी कुठे गेलं?" दोन दिवस मला हे बरं वाटलं. मग मोठ्यानं वाचून पाहिलं आणि लाज वाटली. दगड काही विचारत नसतो. विचारत मीच होतो आणि दगडाच्या आड लपलो होतो. शिवाय पहिल्या मिनिटाला त्या खाचा जशा होत्या, दहाव्या मिनिटालाही तशाच होत्या. 'जणू' हा शब्द शेवटच्या ओळीत दिसला की मी आता सावध होतो.

काही सुचेना, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी पुन्हा त्या विहिरीवर गेलो. तिसरा शेवट मला तिथे मिळाला. तो असा: "काल त्या विहिरीवर गेलो होतो. आत पाणी नव्हतं. रात्री वळीव पडून गेला होता. काठावरच्या सगळ्यात खोल खाचेत बोटभर पाणी साठलं होतं, आणि एक चिमणी ते पीत होती."

बस. माझ्या निर्मात्याला त्यापुढे आणखी एक वाक्य हवं होतं, "हीच आता आपली विहीर." आम्ही थोडं भांडलो. ते वाक्य गेलं, कारण ते ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येणार होतं. ते त्याचं त्याला सापडू द्यायचं.

पण काम अजून संपलं नव्हतं. या शेवटाला सुरुवात अपुरी पडत होती. खाचेत पाणी साठू शकतं हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यायचं, तर खाच किती खोल आहे हे त्याला आधी माहीत हवं. म्हणून मी पहिल्या परिच्छेदात एक तुकडा घातला: "सगळ्यात खोल खाचेत माझी करंगळी आडवी बसली." ऐकताना तो साधा तपशील वाटतो, पण चिमणीचं पाणी त्याच्यावर उभं आहे. सहाव्या मिनिटाच्या सुमारास आणखी एक वाक्य टाकलं: "त्या खाचा पडल्या तेव्हा सहा परसांचा दोर पुरत होता." बोअरच्या पाइपांचा हिशोब चालू असताना काठ एकदा असा नुसता दिसून जावा म्हणून. दहा मिनिटांत ऐकणारा पहिलं चित्र विसरू शकतो. मध्ये एकदा त्याला हलकासा स्पर्श केला तर शेवटी ते ओळखीचं वाटतं. दोनदा केला तर मात्र शेवट आधीच कळतो.

तेव्हापासून मी सुरुवात पक्की करतच नाही. आधी शेवट सापडू देतो, मग मागे जाऊन सुरुवात त्याला पुरेल अशी करून घेतो.

चित्र दरवेळी डोळ्यांना दिसणारंच हवं असं नाही. लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण पाहा, 19 नोव्हेंबर 1863. त्याच्या आधी एव्हरेट नावाचे मोठे वक्ते दोन तास बोलले होते. लिंकन दोन-तीन मिनिटांत आटोपले. सुरुवातीला ते म्हणतात, सत्याऐंशी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी या भूमीवर एका नव्या राष्ट्राला जन्म दिला. शेवटी म्हणतात, या राष्ट्रात स्वातंत्र्याचा नवा जन्म होईल. चित्र आहे ते एका क्रियेत, जन्माच्या. दोन जन्मांच्या मध्ये काय आहे? लढाईत पडलेल्या सैनिकांची दफनभूमी, ज्यात उभे राहून ते बोलत होते. त्या कबरी ओलांडून आल्यामुळे दुसरा जन्म पहिल्यासारखा राहत नाही.

रेडिओवर मात्र एक अडचण आहे, जी लिंकनना नव्हती. समोर बसलेला माणूस सुरुवातीपासून ऐकतो. रेडिओ कोणी कधीही लावतं. कोणी स्वयंपाकघरात येऊन लावतं, कोणाची गाडी सातव्या मिनिटाला सुरू होते. अशा माणसाला "सुरुवातीला मी ज्या खाचांबद्दल बोललो" असं सांगणं म्हणजे दाराशी आलेल्याला, जेवणं झाली, असं सांगणं. विहिरीच्या शेवटात मी म्हणूनच 'त्या खाचेत' एवढ्यावर न थांबता 'काठावरच्या सगळ्यात खोल खाचेत' असं म्हटलं होतं. ज्यानं आधीचं ऐकलंय त्याला खाच ओळखू येते, ज्यानं नाही ऐकलं त्यालाही विहिरीचा काठ आणि चिमणी दिसते. दोघांना पुरेल असं एकच वाक्य करायला कधी कधी मला अर्धा दिवस लागतो.

बाकी चुका बारीक, पण रोजच्या. चित्रापाशी पोचल्यावर एखादा नवा आकडा आठवतो आणि आपण तो सांगून टाकतो. त्या आकड्यानं चित्र पुसलं जातं. वेळ कमी पडली की वाचणारा शेवटाकडे घाई करतो, आणि नेमकी तीच चार वाक्यं पळवली जातात. मी भाषणाच्या मधल्या एका परिच्छेदाला आधीच पेन्सिलीनं कंस करून ठेवतो. घड्याळ पुढे गेलं तर तो गळतो, शेवटाला हात लागत नाही. शेवटच्या वाक्याआधी एक पूर्ण श्वास घेतो, कारण वाक्य संपताच निवेदक बोलायला लागणार असतो. आणि काही भाषणांना हे करूच नये. पीकविम्याचा अर्ज कसा भरायचा हे सांगताना शेवटची तारीख पुन्हा सांगावी आणि थांबावं. तिथे चिमणी आणली तर शेतकरी वैतागेल, आणि त्याचं बरोबरच आहे.

आज आत्ताच कोणी रेडिओ लावला असेल, हात अजून ओले असतील. आमच्या देवळात शेवटच्या लाकडी खांबाला टेकून एक बाई बसायची, माझी आजी. कीर्तन अर्धं झाल्यावर यायची आणि कानाशी वाकून विचारायची, "कुठला घेतलाय रे?"

'जे का रंजले गांजले' घेतलाय, आजी. गाढवापर्यंत आलेत. बस.