पंच्याहत्तर मिलिमीटर

(दृश्य : दांडिया बाजार, सकाळ. अर्धी पाडलेली इमारत. ब्रेकरचा आवाज हळूहळू कमी होतो.)

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली ही इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडली जाते आहे. भिंती गेल्यात, स्लॅब गेलाय, पण तळमजल्यावरचे कॉलम अजून उभे आहेत. त्यातल्या एकाचं वरचं टोक फुटलंय आणि आतलं लोखंड दिसतंय. आम्हाला दाखवायचंय ते हेच.

(क्लोजअप : उघडा पडलेला कॉलम. टेप लावलेला हात.)

उभ्या सळया गंजल्या असल्या तरी जाड आणि पुरेशा आहेत. आता त्यांच्याभोवतीच्या आडव्या रिंगा पाहा. एका रिंगेपासून दुसरीपर्यंत टेप लावली तर अंतर वीतभराहून जास्त भरतं. प्रत्येक रिंगेची टोकं काटकोनात वळवून सोडलेली आहेत. ब्रेकरचा दणका बसला तेव्हा बाहेरचं काँक्रीट गळून पडलं आणि ही टोकं उघडली. ही इमारत १९८० च्या दशकातली. रिंगांचे आजचे नियम तेव्हा लिहिलेच गेले नव्हते, त्यामुळे बांधणाऱ्याला दोष देता येत नाही. पण आज याच प्लॉटवर जे उभं राहील, त्यात अशी रिंग चालणार नाही. कशी चालेल, हे ठरवणारी साखळी जमिनीखालच्या एका बिंदूपासून सुरू होते.

(दृश्य : टेबलावर गुजरातचा नकाशा. स्ट्रक्चरल इंजिनिअर कंपास उघडतात.)

२६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. कच्छमध्ये भचाऊजवळ, जमिनीखाली वीसेक किलोमीटरवर, खडक फुटायला सुरुवात झाली. जिथे ती फूट सुरू झाली तो बिंदू म्हणजे भूकंपाची नाभी. तिच्या बरोबर डोक्यावर जमिनीवर येणारी जागा म्हणजे अपिकेंद्र. बातम्यांत नकाशावर जो लाल ठिपका दाखवतात, तो अपिकेंद्राचा असतो. प्रत्यक्षात फुटलेला खडकाचा पट्टा ठिपक्याएवढा नव्हता. तो कित्येक किलोमीटर पसरला, त्याच्या दोन बाजू काही मीटरनी सरकल्या, आणि तरीही ती फूट जमिनीवर उघडी पडली नाही.

(क्लोजअप : कंपासचं वर्तुळ वडोदऱ्यावरून जातं.)

ठिपका कुठे आहे हे लाटांच्या वेळेवरून कळतं. आधी वेगवान प्राथमिक लाट येते आणि मागून दुय्यम लाट. दोघींमधल्या सेकंदांना आठने गुणलं की किलोमीटरमध्ये अंदाजे अंतर मिळतं. भचाऊ ते वडोदरा सव्वातीनशे किलोमीटर. म्हणजे इथे पहिला हादरा जाणवल्यापासून दुसरा, जास्त हलवणारा हादरा येईपर्यंत साधारण चाळीस सेकंद जातात. एका केंद्राच्या नोंदीवरून फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही, म्हणून वर्तुळ काढायचं. तीन ठिकाणची तीन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील, तिथे अपिकेंद्र.

इंजिनिअर ताई नकाशावर बोट ठेवून म्हणतात, "भचाऊतल्या माणसासाठी ही वीस किलोमीटरची खोली फार महत्त्वाची होती. नाभी आणखी खोल असती, तर त्याला कमी बसलं असतं. वडोदऱ्याला मात्र ती खोली जवळजवळ जाणवतच नाही. तिरकं मोजा नाहीतर सरळ, सव्वातीनशेचे सव्वातीनशेच राहतात."

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर भूकंपलेखाची रेघ.)

आता आकड्यांकडे येऊ. त्या भूकंपाची महत्ता, म्हणजे मॅग्निट्यूड, ७.७. खडक किती क्षेत्रावर फुटला, किती सरकला आणि तो किती कडक होता, यावरून ती काढतात. म्हणून एका भूकंपाला एकच महत्ता असते. भचाऊत उभे राहा किंवा वडोदऱ्यात, ७.७ तीच. या मोजपट्टीवर एक पायरी वर चढलं की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते.

तीव्रता, म्हणजे इंटेन्सिटी, ही वेगळी गोष्ट. ती जागेची असते. तुमच्या गल्लीत जमीन किती हलली, माणसं घराबाहेर पळाली का, विटांच्या भिंतींना तडे गेले का, घरं कोसळली का, हे पाहून ती ठरवतात आणि रोमन अंकांत लिहितात. त्याच सकाळी, त्याच ७.७ च्या भूकंपात, कच्छमध्ये तीव्रता दहापर्यंत गेली. अमदाबादेत सात होती.

(दृश्य : किल्लारी, १९९३. कृष्णधवल छायाचित्रं. निवेदन थांबतं. आठ सेकंद.)

किल्लारीच्या भूकंपाची महत्ता ६.२ होती. कच्छच्या तुलनेत ऊर्जा जवळपास १८० पट कमी. पण नाभी दहा किलोमीटरहूनही उथळ होती, माणसं दगडमातीच्या जड भिंतींच्या घरांत झोपली होती, आणि पहाटेचे चार वाजायला आले होते. तिथे तीव्रता आठ गेली. त्यावेळच्या भूकंप-झोनच्या नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित मानलेल्या पहिल्या झोनमध्ये होता. पुढे २००२ मध्ये नकाशा नव्याने आला तेव्हा तो पहिला झोनच काढून टाकण्यात आला, आणि देशात दोन ते पाच असे चार झोन राहिले.

(दृश्य : भूकंपात इमारतीवर येणारा भार ठरवणारं भारतीय मानक, आयएस १८९३, त्यातला रंगीत झोन नकाशा. कॅमेरा कच्छवरून सरकत वडोदऱ्यावर येतो.)

हे झोन तीव्रतेवर बेतलेले आहेत. तिसऱ्या झोनचा अर्थ, या भागात सातपर्यंतची तीव्रता येऊ शकते असं धरून बांधा. चौथ्यात आठ, पाचव्यात नऊ आणि त्यावर. कच्छ पाचव्यात आहे, वडोदरा तिसऱ्यात. दूरच्या कच्छचा मोठा भूकंप असो, की १९७० मध्ये जवळच्या भरूचला झाला तसा ५.४ चा लहान भूकंप, इमारतीला बसणारा हिसका तिच्या पायाशी काय पोहोचलं यावरच ठरतो.

(दृश्य : कागदावर गणित लिहिणारा हात.)

आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत प्रत्येक झोनला एक गुणक दिला आहे. तिसऱ्याला ०.१६, पाचव्याला ०.३६. समजा, तळमजला अधिक तीन मजले अशी राहती इमारत आहे आणि तिचं वजन हजार टन आहे. गुणकाचा निम्मा भाग घ्यायचा, ०.०८. एवढ्या उंचीच्या इमारती जमिनीबरोबर हलताना तो हिसका अडीचपट होतो, म्हणून अडीचने गुणायचं. आले ०.२. हजार टनांच्या इमारतीला बाजूने दोनशे टनांचा रेटा.

आणि इथे नियम एक मोठी सूट देतो. दोनशे टन झेलणारी इमारत बांधा, असं तो म्हणत नाही. पाचने भागा आणि चाळीस टनांसाठी बांधा, असं म्हणतो. अट एकच. उरलेला भार इमारतीने वाकून पचवायचा, तुटायचं नाही. वाकताना काँक्रीटला भेगा पडतील, सळई ताणली जाईल, पण कॉलम उभा राहिला पाहिजे. तो उभा ठेवतात त्या रिंगा.

(दृश्य : कारेलीबागेतली चालू साइट. फिटर पट्ट्यावर आठ मिलिमीटरची सळई वाकवतो. पूर्ण कृती, कट न करता.)

पाहा, चौथ्या कोपऱ्यावर तो काटकोनावर थांबत नाही. सळई आणखी आत वळवतो, १३५ अंशांपर्यंत, म्हणजे टोक कॉलमच्या पोटात शिरतं. भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या ते ठरवणारं मानक, आयएस १३९२०, सांगतं, वळणापुढचं टोक सळईच्या जाडीच्या सहापट आणि किमान ६५ मिलिमीटर हवं. आठाच्या सळईला सहापट म्हणजे ४८, म्हणून इथे ६५ लागू होतं. बाहेरचं काँक्रीट गळून पडलं तरी हे टोक आतल्या काँक्रीटमध्ये अडकून राहतं, आणि रिंग उघडत नाही. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या झोनमध्ये हे सक्तीचं आहे. वडोदऱ्यातही.

(दृश्य : उभा सळयांचा पिंजरा. फिटर खालून वर रिंगा बांधत जातो.)

हा कॉलम ३०० बाय ४५०, उभ्या सळया सोळाच्या. रिंगांमधलं अंतर किती? लहान बाजूचा पाव भाग, ७५. उभ्या सळईच्या जाडीच्या सहापट, ९६. आणि वरची मर्यादा १००. तिन्हींत जे सर्वांत कमी ते घ्यायचं, ७५ मिलिमीटर. पण पूर्ण उंचीभर नाही. बीमला लागून वरचे ४५० आणि खालचे ४५०, कारण कॉलम तिथे वाकतो. मधल्या भागात १५० चालतं. सळयांचा जोडही मधल्याच भागात घ्यायचा, स्लॅबच्या लगेच वर नाही.

सर्वांत जास्त चुकतं ते इथे.

(क्लोजअप : बीम आणि कॉलमचा सांधा.)

बीमच्या सळया सगळीकडून येतात, हात जायला जागा उरत नाही, आणि सांध्याच्या आतल्या रिंगा सोडून दिल्या जातात. काँक्रीट ओतलं की हे कुणालाच दिसत नाही. या साइटवर फिटरने बीमची सळई सोडायच्या आधीच सांध्यातल्या रिंगा ओवून ठेवल्या आहेत. त्याला अर्धा तास जास्त लागला.

(दृश्य : अमदाबाद, २००१. आवाज नाही.)

अपिकेंद्रापासून अडीचशे किलोमीटरवर अमदाबादेत सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या, साडेसातशेच्या आसपास माणसं गेली.

(दृश्य : वडोदरा. कॉलमांवर उभी सोसायटी, खाली पार्किंग.)

त्यातल्या बहुतेक इमारती अशा होत्या. इथे याला हॉलो प्लिंथ म्हणतात. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती आहेत, त्यामुळे तो भाग ताठ. खाली भिंती नाहीत, नुसते कॉलम. मग सगळं वाकणं एकाच मजल्यात होतं, आणि त्याच मजल्यातल्या रिंगा विरळ असतात. साबरमतीच्या गाळाने दुरून आलेल्या लांब लाटा वाढवल्या, हेही खरं. झोनच्या नकाशात तुमच्या प्लॉटखालची माती दिसत नाही. ती बोअर घेऊनच कळते, आणि विश्वामित्रीकाठीही गाळच आहे. २०१६ च्या नियमाप्रमाणे असा उघडा मजला ठेवायचा असेल तर त्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके आधार द्यावे लागतात. पार्किंगच्या एक-दोन जागा त्यात जातात, आणि बिल्डरशी वाद तिथेच सुरू होतो.

(दृश्य : दांडिया बाजारच्या सोसायटीची बैठक. सतरंजी, चहा, पसरलेले नकाशे.)

बैठकीत चर्चा कार्पेट एरियावर होती. मग मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या. "अहो, गाड्या कुठे लावायच्या ते नंतर बघा. त्या खालच्या मजल्यात भिंत येणार आहे की नाही, ते आधी सांगा."

करारनाम्यात आता दोन कलमं जोडली आहेत. पार्किंगच्या मजल्यात दोन्ही दिशांना काँक्रीटची भिंत, नकाशात जागेसह दाखवलेली. आणि प्रत्येक कॉलमचा, सांध्यासकट, शटरिंग लावण्याआधी टेप धरून काढलेला फोटो सोसायटीकडे जमा. फोटोत ७५ दिसत नसतील, तर त्या दिवशी काँक्रीटची गाडी आत सोडायची नाही.