सीआरमधले साडेपाच मार्क

प्रमोशनमध्ये जात कुणी तोंडावर काढत नाही हो, ती काढली जाते सीआरमध्ये, म्हणजे आता ज्याला अपार म्हणतात त्या कामाच्या वार्षिक अहवालात. समजा केंद्र सरकारच्या ऑफिसातला एक दलित इंजिनिअर आहे, चार वर्षं त्याला दहापैकी आठच्या आसपास मार्क, आणि नवा साहेब आला की एकदम साडेपाच, शेरा काय तर ''पुढाकार कमी''. आता सहाच्या खाली म्हणजे 'गुड', आणि वरच्या पोस्टला डीपीसी, म्हणजे प्रमोशन ठरवणारी खात्याची समिती, बऱ्याचदा 'व्हेरी गुड' मागते, ती साधारण पाच वर्षांचे अहवाल बघते, त्यामुळे हे एकच वर्ष त्याला अडवू शकतं. शिवी नाही, साक्षीदार नाही.

पूर्वी 'गुड' म्हणजे वाईट शेरा नाही म्हणून तो कळवायचेच नाहीत. 2008 मध्ये देव दत्त केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. म्हणून अहवालाची पूर्ण कॉपी मिळते, आणि मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याविरुद्ध लेखी अर्ज करता येतो. 10 जूनला हातात आला तर 25 जूनपर्यंत. हे 15 दिवस लोक रागात नाहीतर ''साहेबांशी बोलून बघू'' म्हणत घालवतात, खूप वाईट वाटतं बघून.

अर्जात पहिलं वाक्य जातीचं नको. आधी काम लिहा: कुठलं टार्गेट दिलं होतं, किती पूर्ण झालं, पुढाकार कमी होता तर वर्षभरात एक तरी मेमो का नाही, आणि मागच्या चार वर्षांचे मार्क. मग साहेब जातीवरून काही बोलले असतील तर तारीख, जागा, कोण हजर होतं ते. सहकाऱ्यांचे अहवाल आरटीआयमध्ये मिळतील या भरवशावर राहू नका, 2012 च्या गिरीश देशपांडे निकालानंतर ती माहिती खाजगी म्हणून सहसा नाकारतात. स्वतःचा अहवाल आणि रोस्टर रजिस्टर, म्हणजे आरक्षित जागांची नोंदवही, मात्र जरूर मागा.

सोबत आरक्षणाचं काम बघणाऱ्या ऑफिसच्या लायझन ऑफिसरला आणि अनुसूचित जाती आयोगालाही लिहा. आयोग अधिकाऱ्यांना बोलावतो, कागद मागवतो, त्याने ऑफिस हलतं, पण मार्क बदलायचा हुकूम तो देऊ शकत नाही, शिफारसच करतो. शेरा रद्द करून घ्यायचा तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. अर्ज फेटाळल्यापासून एक वर्षात तिथे जायचं, उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष, आणि आयोगाकडे फाईल पडून आहे म्हणून ही मुदत थांबेल असं धरू नका. कॅट सहसा स्वतः मार्क देत नाही, पुन्हा विचार करायला सांगतं, मार्क सुधारले की रिव्ह्यू डीपीसी, म्हणजे प्रमोशनचा त्या समितीकडून फेरविचार, मागायची.

प्रायव्हेट कंपनीत यातलं जवळजवळ काहीच नाही, कारण संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आहे. तिथे जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो, पण नुसतं प्रमोशन डावललं तर कॅटसारखा दरवाजा तिथे नाही.